डेमोवर नफा, खऱ्यात तोटा: पेपर ट्रेडिंगवरून थोड्या खऱ्या पैशांवर कसं यावं

डेमो खात्यावर दोन-तीन महिने नफा दिसतोय, आता खरे पैसे टाकू का? ऐरोली, घणसोली, महापेला नोकरी करणारी ठाण्या-कळव्याची बरीच तरुण मंडळी मला हा प्रश्न विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. टाका, पण थोडे टाका, आणि डेमो बंद करू नका. काही आठवडे तोच सौदा दोन्हीकडे करा, एकदा कागदावर आणि एकदा खऱ्या खात्यावर, आणि दोन्ही निकालांत जो फरक पडेल तो वहीत लिहा. डेमो जे शिकवत नाही ते सगळं त्या फरकात असतं. हा लेख तो फरक कसा मोजायचा आणि कुठून येतो याबद्दल आहे.

इथे मी फक्त शेअर डिलिव्हरीत घेऊन काही दिवस किंवा आठवडे ठेवायचे, इतक्याच प्रकाराबद्दल बोलणार आहे. नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सचा विषय शेवटी थोडक्यात येईल.

आधी डेमो नीट लावून घ्या

डेमो निरुपयोगी नाही. लिमिट ऑर्डर आणि मार्केट ऑर्डर यांतला फरक, स्टॉप लॉसमधला ट्रिगर भाव म्हणजे काय, खरेदीच्या जागी चुकून विक्रीचं बटण दाबलं तर काय होतं, हे सगळं तिथेच फुकटात शिकून घ्यावं. तीन-चार आठवडे त्याला पुरतात. पण बहुतेकांचा डेमो पहिल्याच दिवशी चुकीचा लागतो, कारण त्यात दहा लाख रुपये आपोआप जमा असतात आणि खरे मात्र वीसच हजार टाकायचे असतात. दहा लाखांत पंधरा शेअर एकदम घेता येतात, त्यातले चार पडले तरी बाकीचे सांभाळून नेतात. वीस हजारांत दोन किंवा तीनच शेअर येतात आणि एक पडला की तो लगेच जाणवतो. म्हणून डेमोची रक्कम बदलून खऱ्याइतकी करा. बदलता येत नसेल तर वहीत वीस हजारांचाच हिशेब ठेवा आणि त्यापलीकडची ऑर्डर लावू नका. ‘रीसेट’चं बटण तर वापरूच नका. निम्मी रक्कम गमावल्यावर उरलेली दुप्पट झाल्याशिवाय मुद्दल परत येत नाही, हे ते बटण झाकून टाकतं.

दुसरी तपासणी भावांची. मे २०२४ मध्ये सेबीने एक परिपत्रक काढलं आणि आभासी ट्रेडिंगसाठी शेअर बाजाराचे ताजे भाव बाहेरच्या कंपन्यांना देण्यावर बंधनं आणली. काही साइटवर भारतीय शेअरांचे मोफत भाव काही मिनिटं उशिरा येतात. बाजार चालू असताना ब्रोकरचं ॲप आणि डेमो शेजारी शेजारी उघडा आणि एकाच शेअरचा भाव पाहा. डेमो मागे असेल तर त्यावर दिवसभरातल्या झटपट सौद्यांचा सराव करण्यात काही अर्थ नाही. दिवसाच्या बंद भावावर निर्णय घेऊन दुसऱ्या दिवसासाठी ऑर्डर लावायची, हा सराव मात्र उशिराच्या भावांवरही चालतो.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेबीने शेअरांच्या भावांवर चालणाऱ्या नोंदणी नसलेल्या व्हर्च्युअल ट्रेडिंग, पेपर ट्रेडिंग आणि फँटसी खेळांपासून लोकांना सावध केलं आहे. ज्या ‘डेमो’ला प्रवेश फी लागते, जिंकल्यावर बक्षीस मिळतं किंवा जिथे कुणा अनोळखी माणसाच्या खात्यावर पैसे भरायला सांगतात, तो सराव नव्हे. त्यातून तक्रार उभी राहिली तर एक्स्चेंजची तक्रार निवारण व्यवस्था तुमच्या मदतीला येत नाही.

डेमोची ऑर्डर आणि खरी रांग

खऱ्या बाजारात ऑर्डर भरण्याचा नियम आहे. आधी भाव पाहिला जातो, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याचा नंबर आधी. समजा एक शेअर १८२ रुपयांवर आहे आणि तुम्ही १८० ला ५० शेअर घेण्याची लिमिट ऑर्डर लावली. त्याच १८० वर तुमच्या आधी लोकांनी ४,२०० शेअरांच्या ऑर्डरी लावून ठेवल्या आहेत. दिवसात भाव १८० पर्यंत खाली आला, तिथे १,१०० शेअरांची विक्री झाली आणि भाव वर फिरला. चार्टवर दिवसाचा नीचांक १८० दिसतो. डेमो म्हणतो, तुमची ऑर्डर भरली. खऱ्या खात्यात ती ‘पेंडिंग’ राहते आणि साडेतीनला रद्द होते. संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत चाळीस जण पुढे असताना दोनच रिक्षा आल्या, तर आपण काही घरी पोचत नाही. डेमोच्या हिशेबात रिक्षा आली म्हणजे आपण बसलोच.

वरवर पाहता नुकसान काहीच नाही, एक सौदा हुकला इतकंच. पण कोणते सौदे हुकतात ते बघा. भाव तुमच्या लिमिटला नुसता टेकून वर गेला, म्हणजे घेतल्याबरोबर नफा सुरू झाला असता, तेच सौदे हुकतात. आणि भाव तुमची लिमिट तोडून १७८, १७५ असा खाली गेला, तर तुमची ऑर्डर हमखास भरते. म्हणजे लिमिट लावून वाट पाहणाऱ्याला पडते शेअर सगळे मिळतात आणि उसळणाऱ्यांतले काही निसटतात. डेमोच्या यादीत मात्र दोन्ही जातींचे सौदे असतात, म्हणून तिथला नफा फुगलेला दिसतो. कितीही महिने डेमो केला तरी ही गोष्ट त्यातून कळत नाही, कारण तिथे रांगच नसते.

उपाय सोपा आहे. डेमोने ‘भरली’ म्हटलं तरी वहीत ती खरेदी तेव्हाच धरा, जेव्हा दिवसाचा नीचांक तुमच्या लिमिटपेक्षा निदान थोडा तरी खाली गेला असेल. नुसता टेकला असेल तर समोर ‘हुकला’ असं लिहा. जुन्या डेमो सौद्यांनाही हा नियम लावून पाहा. तुम्ही लिमिट लावून घेणारे असाल तर नफ्याचा आकडा बहुधा तिथेच खाली येईल.

आता उलट बाजू. रांग नको म्हणून मार्केट ऑर्डर टाकली तर शेअर लगेच मिळतात, पण कोणत्या भावाला? ब्रोकरच्या ॲपवर ‘मार्केट डेप्थ’ उघडली की खरेदीदारांचे आणि विक्रेत्यांचे सर्वांत चांगले पाच-पाच भाव दिसतात. उलाढाल कमी असलेल्या एखाद्या लहान कंपनीच्या शेअरमध्ये शेवटचा सौदा १८२ ला झालाय, पण विक्रेत्यांच्या बाजूला १८२.१० ला १२ शेअर, १८२.४० ला ८ आणि १८३ ला ३० एवढेच उभे आहेत. तुमच्या ५० शेअरांची मार्केट ऑर्डर हे तिन्ही थर खाऊन जाते. एकूण रक्कम होते ९,१३४ रुपये ४० पैसे. डेमोने सगळे १८२ ला दिले असते, म्हणजे ९,१०० ला. विकतानाही हेच, फक्त उलट दिशेने.

एक सौदा शेवटपर्यंत

हाच सौदा पुढे नेऊ. शेअर १९० वर गेला आणि तुम्ही विकला. डेमोवर नफा सरळ ४०० रुपये. खऱ्यात खरेदीदारांच्या बाजूलाही थर पातळ आहेत, म्हणून सरासरी १८९.३० ला विक्री झाली, हातात आले ९,४६५. भावातला फरक ३३० रुपये ६० पैसे. आता खर्च. डिलिव्हरीच्या सौद्यात सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवरही ०.१ टक्का लागतो. दोन्ही मिळून साधारण १८ रुपये. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे दीड रुपयाच्या आत. एक्स्चेंजचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून रुपयाच्या आसपास. आणि मग येतो डीपी चार्ज. डीमॅट खात्यातून शेअर बाहेर गेला की दर कंपनीमागे, दर दिवसाला एकदा तो लागतो. बऱ्याच डिस्काउंट ब्रोकरांकडे जीएसटी धरून तो १५ ते २० रुपयांच्या घरात असतो. एक शेअर विका किंवा पाचशे, रक्कम तीच. तो साधारणपणे काँट्रॅक्ट नोटवर नसतो, खात्याच्या लेजरमध्ये वेगळा पडतो, म्हणून नवख्यांच्या नजरेतून सुटतो.

आपण १५ रुपये धरू आणि डिलिव्हरीवर ब्रोकरेज नाही असं मानू. एकूण खर्च साधारण ३५ रुपये, हातात उरले २९५. तुमचा ब्रोकर दर ऑर्डरला २० रुपये घेत असेल तर त्यातून आणखी चाळीसेक रुपये आणि त्यावरचा जीएसटी जाईल.

चारशेचे दोनशे पंच्याण्णव झाले हे एक वेळ चालेल. खरी गोष्ट पुढेच आहे. भाव उलट ८ रुपये पडला असता तर डेमोवर तोटा ४०० दाखवला असता. खऱ्यात भावातले ७० आणि खर्चाचे ३५ त्यात वाढतात आणि तोटा ५०५ होतो. डेमोवर दहातले निम्मे सौदे बरोबर आले तर तुम्ही ना नफा ना तोटा अशा जागी असता. खऱ्यात जिंकल्यावर २९५ आणि हरल्यावर ५०५ असेल, तर तेवढ्याचसाठी शंभरातले ६३ सौदे बरोबर यावे लागतात. ‘माझे साठ टक्के सौदे बरोबर येतात’ म्हणणारा डेमोवर छान नफ्यात असतो आणि अगदी त्याच निर्णयांनी खऱ्यात पैसे गमावतो. त्याच्या अभ्यासात काही चूक नसते, त्याचा शेअर पातळ असतो आणि रक्कम लहान असते.

हाच प्रयोग मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये करा. साधारण ९१० रुपये भावाचे दहा शेअर. तिथे खरेदीदार आणि विक्रेता यांच्यात काही पैशांचंच अंतर असतं, त्यामुळे भावातलं नुकसान रुपया-दोन रुपयांत आटोपतं. खर्च तेवढाच, पस्तीसच्या आसपास. तेव्हा ४०० चे ३६३ होतात आणि तोटा ४३७. आता शंभरात ५५ पुरतात. म्हणून पहिले सगळे खरे सौदे निफ्टी ५० किंवा निफ्टी १०० मधल्या शेअरांतच करा, असं मी प्रत्येकाला बजावून सांगतो.

याच हिशेबातून किती पैसे टाकायचे तेही निघतं. एका सौद्यात हजार रुपये लावले तर येण्या-जाण्याचा खर्च साडेसतरा रुपये, म्हणजे पावणेदोन टक्के, आणि त्यातला बहुतेक डीपी चार्ज. पाच हजार लावले तर साधारण २६ रुपये, म्हणजे अर्धा टक्का. वीस हजारांच्या सौद्यात तो ०.३ टक्क्यांपर्यंत उतरतो. हजार-पाचशेच्या सौद्यांनी ‘सराव’ करणारे माझ्या मते डेमोच्याच दुसऱ्या टोकाला जाऊन पडतात. तिथे खर्चच इतका असतो की पद्धत चांगली की वाईट हे कळायलाच मार्ग राहत नाही. सुरुवातीला एकूण वीस हजार आणि एका सौद्यात सात ते दहा हजार, हे मला योग्य वाटतं. हे वीस हजार पगारातून बाजूला पडलेले असावेत. भाड्याचे, हप्त्याचे, क्रेडिट कार्डावरचे किंवा कुणाकडून उसने घेतलेले नकोत.

खातं उघडताना

सेबीकडे नोंदणी असलेला ब्रोकर निवडा आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर स्वतः तपासा. पैसे भरताना ब्रोकरचा यूपीआय आयडी नीट वाचा. सेबीने ब्रोकरांसाठी आणलेल्या तपासलेल्या आयडीत `.brk` आणि `@valid` असे शब्द असतात. अर्जात फ्युचर्स-ऑप्शन्सचा विभाग चालू करू नका. तो नंतर कधीही सुरू करता येतो, आणि बंद असला की एखाद्या वाईट संध्याकाळी मोह होत नाही. एकच डीमॅट खातं असेल आणि त्यातली शिल्लक चार लाखांपर्यंत असेल, तर बीएसडीए या साध्या खात्याला वार्षिक शुल्क लागत नाही. ते ब्रोकरला विचारून घ्या.

पैसे भरल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन कामं करा, जी डेमोत कधीच करावी लागत नाहीत. एक लहानशी खरेदी करा आणि ती विका. विकताना डीमॅटमधून शेअर देण्याची परवानगी लागते. सीडीएसएलचं खातं असेल तर त्यासाठी टीपिन आणि ओटीपी विचारला जातो. हा टीपिन पहिल्यांदा ऐन घसरणीत शोधायची वेळ येऊ नये. नेहमीचीच कटकट नको असेल तर डीडीपीआय हा अधिकारपत्राचा अर्ज भरता येतो. दुसरं काम, विक्रीचे पैसे बँकेत परत काढून बघा. सौद्याची पूर्तता दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते. पैसे परत बँकेत आले की आपलं खातं खरं आहे आणि पूर्ण चालतं याची खात्री पटते. खोट्या ॲपवर लोक नेमके इथेच अडकतात. पडद्यावर नफा दिसत राहतो, पण पैसे काही बाहेर निघत नाहीत.

ऑर्डर रात्री लावा

डेमोचा सराव बहुतेक जण रविवारी दुपारी किंवा रात्री जेवणानंतर करतात, डोकं शांत असताना. खरा बाजार सव्वानऊला उघडतो. त्या वेळी तुम्ही ठाण्याच्या फलाटावर ट्रान्सहार्बरच्या गाडीची वाट बघत असता, किंवा दिघा गावच्या पुढे गर्दीत एका हाताने दांडी धरून उभे असता. तिथे मार्केट डेप्थ वाचून निर्णय घेणं शक्य नाही, आणि घेतलेला निर्णय घाईचाच असणार. त्यावर चांगला मार्ग म्हणजे पद्धतच अशी निवडायची, की निर्णय बंद भावावर रात्री होईल आणि आफ्टर मार्केट ऑर्डर रात्रीच लागेल. सकाळी फक्त ऑर्डर भरली की नाही एवढंच बघायचं.

स्टॉप लॉसचंही असंच. एक्स्चेंजवरची साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. साडेतीनला ती संपते आणि दुसऱ्या दिवशी तुमचा शेअर उघडा पडतो. डेमोत ती बहुधा तशीच टिकून राहते, म्हणून हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ब्रोकरांकडे जीटीटी नावाची सोय असते, तिच्यात स्टॉप आणि टार्गेट दोन्ही एकदाच लावून ठेवता येतात. शेअर हातात आल्याच्या दिवशीच हे लावा.

ते लावताना एक बारकावा पाहा. समजा ट्रिगर १७४ आणि लिमिट १७३.५० ठेवली. रात्री वाईट बातमी आली आणि सकाळी शेअर १६८ ला उघडला. ट्रिगर लागला, ऑर्डर बाजारात गेली, पण तुम्ही १७३.५० च्या खाली विकायला तयार नाही असं ती सांगते, म्हणून ती भरतच नाही. शेअर १६५ झाला, १६२ झाला, ऑर्डर तशीच लटकलेली. डेमो अशा वेळी सहसा १७४ च्या आसपास विकून मोकळा होतो. म्हणून लिमिट ट्रिगरपेक्षा बरीच खाली ठेवा, उदाहरणार्थ १६७. म्हणजे तुम्ही १६७ लाच विकाल असं नाही. त्याच्या वरचा जो चांगला भाव समोर असेल तोच आधी मिळतो. लहान शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवसापुरत्या पडण्याच्या मर्यादेला, बंद झाला तर मात्र कोणतीच स्टॉप ऑर्डर उपयोगी नाही, कारण घेणाराच नसतो. ज्या शेअरांवर फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्यांना ठरावीक सर्किट नसतं. मोठ्या शेअरांपासून सुरुवात करण्याचं हे दुसरं कारण.

जोडीची वही

आता मुख्य काम. प्रत्येक सौद्याला वहीत दोन ओळी ठेवा. वर डेमोची, खाली खऱ्याची. घेण्याचा भाव, विकण्याचा भाव, तारखा, नफा-तोटा. दोन्हींतला फरक रुपयांत काढा आणि तो तीन भागांत वाटा. भावामुळे किती, खर्चामुळे किती, आणि मी ठरलेलं केलं नाही म्हणून किती. पहिले दोन भाग आपण वर पाहिले. मोठ्या शेअरांत ते पस्तीस-चाळीस रुपयांत संपतात. तिसरा भाग किती मोठा असू शकतो हे पाहायला एक खरी वही उपयोगी पडेल.

माझी भाची कळव्याला राहते आणि ऐरोलीला नोकरी करते. डेमोवर तिची पद्धत साधी होती. शेअर घेतला की साधारण चार टक्के खाली स्टॉप, आठ टक्के वर टार्गेट, मध्ये काही करायचं नाही. खऱ्या खात्यावरच्या एका सौद्यात तिने ९१२ रुपयांना दहा शेअर घेतले. स्टॉप ८७६, टार्गेट ९८४. शेअर तीन दिवसांत ९३६ झाला आणि तिने विकून टाकला. नफा २४०. डेमोची ओळ तशीच चालू होती आणि पुढच्या आठवड्यात ती ९८४ ला बंद झाली, नफा ७२०. दुसऱ्या एका सौद्यात भाव स्टॉपच्या जवळ आला तेव्हा ती ऑफिसात होती. तिने ॲप उघडलं आणि स्टॉप रद्द केला. ठरलेला तोटा ३६० होता, शेवटी विकला तेव्हा ६१० झाला.

‘‘मामा, डेमोवर मी एकदाही स्टॉप काढला नव्हता रे,’’ ती म्हणाली.

‘‘डेमोचं ॲप दिवसातून किती वेळा उघडायचीस?’’ मी विचारलं.

‘‘रात्री एकदा.’’

‘‘आणि हे?’’

त्यावर ती हसली, आणि मग वहीत त्या सौद्याच्या बाजूलाच हे लिहून ठेवलं.

दोन्ही सौद्यांचा खर्च बाजूला ठेवून हिशेब करा. कागदावर तिची पद्धत ७२० जिंकायची आणि ३६० हरायची. शंभरात ३४ सौदे बरोबर आले तरी नफा. हातून प्रत्यक्षात घडलं ते २४० जिंकणं आणि ६१० हरणं, ज्याला शंभरात ७२ बरोबर यावे लागतात. शेअर तेच, खरेदीचे दिवस तेच, आणि तरी ही दुसरीच पद्धत आहे. डीपी चार्ज आणि एसटीटी यापुढे किरकोळ ठरतात. दोनच सौद्यांवरून कुणाच्या स्वभावाचा निकाल लावायचा नसतो, पण पुढच्या पानांवरही तिसऱ्या रकान्यात तोच आकडा वाढत होता, म्हणून उपाय करावा लागला.

तिला ‘मन घट्ट कर’ असं सांगून काही झालं नसतं. कारण पाहण्यात होतं. डेमोचा तोटा रात्री एकदा दिसायचा, खऱ्याचा लाल आकडा दिवसभर खिशात होता, आणि जितक्या वेळा पाहाल तितक्या वेळा काहीतरी करण्याची संधी मिळते. म्हणून तिने खरेदीच्याच दिवशी जीटीटीत स्टॉप आणि टार्गेट लावायला सुरुवात केली, ॲपच्या सगळ्या भावसूचना बंद केल्या आणि साडेतीनपर्यंत ॲप न उघडण्याचा नियम केला. ज्या दिवशी नियम मोडला त्या दिवशी वहीत फक्त ‘उघडलं’ एवढं लिहायचं. तिसरा रकाना एकदम शून्य झाला नाही, पण उतरायला लागला.

याच रकान्यात आणखी एक प्रकार येतो, आणि तो खऱ्या सौद्यांच्या यादीत दिसतच नाही, कारण तो न केलेल्या सौद्यांचा असतो. लागोपाठ दोन तोटे झाले की तिसरा सौदा माणूस घेत नाही. डेमोवर मात्र घेतो. जोडीच्या वहीत वरची ओळ भरलेली आणि खालची रिकामी दिसली की ते पकडता येतं. म्हणूनच खरे पैसे टाकल्यावर डेमो बंद करू नका, असं मी सुरुवातीलाच सांगितलं.

कराचीही नोंद ठेवा. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरांच्या नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के दराने कर आहे, आणि असे सौदे केलेल्या पगारदाराला आयटीआर-१ भरता येत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. तोटा झाला असला तरी विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढच्या आठ वर्षांच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो.

रक्कम कधी वाढवावी

नफा झाला म्हणून वाढवू नका. वीस-पंचवीस सौद्यांत नशिबाने नफा होऊ शकतो, आणि एकाच चढत्या बाजारात तर तो सगळ्यांनाच होतो. वाढवायची ती तिसऱ्या रकान्याकडे बघून. सलग वीस सौद्यांत ‘मी ठरलेलं केलं नाही म्हणून’ हा आकडा जवळजवळ शून्य राहिला असेल, तर रक्कम दीडपट करा. एकदम पाचपट नको. रक्कम वाढली की तो रकाना बहुधा पुन्हा भरू लागतो, कारण ३६० रुपयांचा तोटा शांतपणे सोसणारा माणूस ३,६०० ला कसा वागेल हे लहान रकमेवर कळत नाही. लहान खऱ्या पैशांची ही मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच पुढे जावं लागतं. रकाना फुगला तर मागच्या रकमेवर परत या.

उलट, डेमोची वरची ओळच तोट्यात असेल, रांगेचा नियम आणि खर्च धरून, तर दोष पद्धतीत आहे. खरे सौदे थांबवा आणि पद्धत कागदावर दुरुस्त करा. डेमो या कामासाठी उत्तम आहे.

राहिला प्रश्न फ्युचर्स-ऑप्शन्सचा. ‘थोडे पैसे टाकून बघू’ हे तिथे खरं तर जमत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने इंडेक्सच्या नव्या करारांचं मूल्य किमान १५ लाख रुपये ठेवलं आहे. काही हजारांत एक ऑप्शन विकत घेता येतो हे खरं, पण एका लॉटपेक्षा, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्यापेक्षा, कमी घेता येत नाही, त्यामुळे चार टक्क्यांचा बेतशीर तोटा ठरवायला तिथे जागा उरत नाही. दूरच्या ऑप्शनमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतरही प्रीमियमच्या मानाने मोठं असतं, म्हणून डेमो आणि खरं यांतली दरी तिथे सर्वांत रुंद होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या विभागातल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाल्याचं दिसलं. तुमच्या वहीत डिलिव्हरीचा तिसरा रकाना वर्षभर कोरडा राहिला असेल तर तेव्हा यावर पुन्हा बोलू.